गणपतीत ड्युटी कुणी करायची?

पत्र

‘रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं तीस खाटांचं खासगी हॉस्पिटल आहे. मी सिस्टर इन्चार्ज. माझ्या हाताखालच्या बारा सिस्टरांचा ड्युटी चार्ट मीच लावते. गणपती जवळ आले की माझ्या पोटात गोळा येतो. सात जणी चतुर्थीपासून पाच दिवस रजा मागतात. दोघी मुस्लिम, दोघी बौद्ध आणि एक ख्रिश्चन अशा पाच जणींवर मी आजवर ते दिवस काढले. त्यांचा सण नसतो आणि त्या कधी कुरकुरल्याही नाहीत. यंदा त्यांतल्या एकीनं गणपतीतच तीन दिवस मागितले, मुलाच्या शाळेला सुट्टी आहे म्हणून. बाकीच्या म्हणाल्या, “तुला कशाला गणपतीची रजा?” मुलंबाळं असलेल्या म्हणतात, आमचा हक्क पहिला. लग्न न झालेली एक म्हणते, माझ्या तीन दिवाळ्या नाइटला गेल्या. डॉक्टर म्हणतात, जी आधी अर्ज देईल तिला रजा, विषय संपला. मला वाटतं चिठ्ठ्या टाकाव्यात. माझ्या सासरी गौरी असतात, त्यामुळे ते दोन दिवस मलाही जावंच लागतं. कुणाचंही मन न दुखावता हे कसं जमवू?’

उत्तर

ताई, आधी त्या पाच जणींबद्दल बोलू या, कारण तुमचा सगळा चार्ट इतकी वर्षं त्यांच्या गप्प राहण्यावर उभा आहे.

जिच्या घरी गणपती बसत नाही तिला चतुर्थीची ड्युटी हलकी जाते, असं आपण गृहीत धरतो. त्या दिवशी वॉर्डात काय परिस्थिती असते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. कॅन्टीन बंद असतं. आया आणि वॉर्डबॉय निम्मेच आलेले असतात. स्टँडवर रिक्षा नसते, त्यामुळे संध्याकाळी आठला उतरलेली सिस्टर पावसातून चालत घरी जाते. मुंबईहून चाकरमान्यांच्या गाड्या रात्रभर येत असतात आणि हायवेवरची अपघाताची केस कधी दारात उभी राहील याचा नेम नसतो. मोठे डॉक्टर फोनवर असतात. नातेवाईक वैतागलेले असतात, कारण त्यांनाही घरी गणपतीला जायचं असतं. ही ड्युटी जड असते, आणि करणारी कुठल्या धर्माची आहे यावरून तिचं वजन बदलत नाही. नमाज पढणाऱ्या सिस्टरला त्या रात्री दोन सलाइनं जास्त लावावी लागतात, तर तिचे पाय तेवढेच दुखतात.

आता परतफेड बघा. गणपतीत पाच दिवस भरून काढणाऱ्या सिस्टरला ईदला तुम्ही सुट्टी देताच, याची मला खात्री आहे. पण ती एका दिवसाची. पाच दिले आणि एक मिळाला, हा हिशेब कुणी लिहून ठेवलेला नाही म्हणून तो दिसत नाही. त्या कुरकुरल्या नाहीत याचा अर्थ त्यांना मान्य होतं असा मी लावणार नाही. बारांत दोघी असताना सणाच्या दिवशी तोंड उघडणं सोपं नसतं.

त्यांतल्या एकीनं यंदा तोंड उघडलं, हे तुमच्यासाठी चांगलं झालं. ‘तुला कशाला गणपतीची रजा’ या प्रश्नाचं उत्तर साधं आहे. कोकणातली शाळा गणपतीत बंद असते तेव्हा ती गावातल्या प्रत्येक मुलासाठी बंद असते. घरी सात-आठ वर्षांचा मुलगा एकटा, नवरा कामावर, ही अडचण तिच्या शेजारणीइतकीच तिचीही आहे. तुम्ही मनात दोन खाने केले होते, एक सणवाल्यांचा आणि एक मुलंबाळं असलेल्या आयांचा. ती दुसऱ्या खान्यात बसते हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या आयांविषयीही थोडं बोलायला हवं. मुलांचं कारण खरं असतं, ते उडवून लावायचं मुळीच नाही. पण ‘मी आई आहे’ हे काही रजेचं कारण होत नाही. ‘माझ्या मुलीचा दहावीचा पेपर आहे’ हे होतं. त्या कारणाचंही उत्तर प्रत्येक वेळी रजाच असतं असं नाही. दहावीचा पेपर सकाळी अकराला सुरू होतो. आईला हवं असतं ते आदल्या रात्री घरी असणं आणि सकाळी मुलीला केंद्रावर सोडणं. तिला आदल्या दिवशी नाइट लावू नका आणि पेपरच्या दिवशी दुपारची दोन ते आठ द्या. रजा एकही खर्च न होता तिचं काम होतं. उलट बाजूला ती लग्न न झालेली सिस्टर आहे. तिच्या घरी आजारी वडील असतील, किंवा भाऊ वर्षातून एकदाच भाऊबीजेला येत असेल. नसेल काहीच, तरी दिवाळीच्या रात्री घरी पणती लावायची इच्छा पुरेशी आहे. कुणाचं कुटुंब किती मोठं यावर रजेचा क्रम लावला, तर एकट्या माणसाचा क्रमांक कधीच येत नाही.

डॉक्टरांचा ‘आधी अर्ज, आधी रजा’ हा नियम कागदावर निर्दोष दिसतो. पण गणेश चतुर्थीची तारीख कॅलेंडर भिंतीवर लागल्यापासून सगळ्यांना माहीत असते. रमजान ईदची पक्की तारीख मात्र आदल्या संध्याकाळी कळते. शिमग्याची पालखी आपल्या वाडीत कधी येणार हे गावचे मानकरी बसतील तेव्हा ठरतं. भराडी देवीच्या आंगणेवाडीच्या जत्रेला तर ठरलेली तिथीच नाही, देवीचा कौल झाल्यावर दिवस जाहीर होतो. ज्यांच्या तारखा उशिरा कळतात त्या अर्जाच्या शर्यतीत पहिल्याच दिवशी मागे पडल्या.

तुमच्या चिठ्ठ्यांना त्या क्षणापुरता पक्षपात चिकटत नाही. पण चिठ्ठीला मागचं वर्ष आठवत नाही. तीन दिवाळ्या नाइट केलेल्या सिस्टरच्या नावाची चिठ्ठी चौथ्या वर्षीही निघाली, तर तुम्ही तिला काय सांगणार? चिठ्ठीची जागा पुढे येईल, ती अगदी शेवटची आहे.

आधी जागा मोजा

रजा कुणाला हा वाद सुरू करण्यापूर्वी त्या दिवशी रजा आहेत तरी किती, ते काढून सगळ्यांसमोर मांडा. बहुतेक ठिकाणी हे गणित इन्चार्जच्या डोक्यात असतं. ते बाकीच्यांना दिसत नाही म्हणून ‘मॅडमच्या मर्जीतली’ हा शब्द येतो.

तुमच्याकडे सकाळी तीन, दुपारी दोन, रात्री दोन लागतात असं धरू. झाल्या सात. सकाळी आठला नाइटवरून उतरलेल्या दोघी त्या दिवशी पुन्हा येऊ शकत नाहीत. झाल्या नऊ. उरल्या तीन. आठवड्याच्या सुट्ट्याही याच तिनांत बसवाव्या लागतात, कुणाची बुडवून चालत नाही. म्हणजे एरवी कुठल्याही दिवशी तुमच्याकडे तीनच जागा आहेत.

ही संख्या वाढवण्याचा एक मार्ग डॉक्टरांच्या हातात आहे. चतुर्थीपासून पाच दिवस ठरवून करायच्या शस्त्रक्रिया त्यांनी ठेवल्या नाहीत आणि ओपीडी तातडीच्या पेशंटपुरती चालवली, तर सकाळी दोघींत भागतं. जागा चार झाल्या. ही मागणी तुम्ही डॉक्टरांकडे लेखी आणि दोन महिने आधी न्या. हार्नियाचं ऑपरेशन आठ दिवस पुढे गेल्यानं काही बिघडत नाही. पेशंटलाही गणपतीत खाटेवर पडायचं नसतं.

पाच दिवसांच्या मिळून वीस जागा झाल्या. मागण्या सात जणींच्या पाच-पाच आणि एकीच्या तीन, म्हणजे अडतीस. एवढ्यावर थांबलात तर भांडण अटळ आहे. म्हणून आता दुसरा प्रश्न विचारायचा: पाच दिवसांत तुला नक्की काय हवं आहे?

‘गणपतीची रजा’ ही एकच गोष्ट आहे असं समजून आपण चालतो, आणि कोकणात तर ते अजिबात खरं नाही. कुणाकडे दीड दिवसाचा गणपती, कुणाकडे गौरीबरोबर जाणारा, कुणाकडे अनंत चतुर्दशीपर्यंत. कुणाचं मूळ घर दूरच्या वाडीत असतं आणि शेवटची एसटी संध्याकाळी पाचला सुटते, तिला आदल्या दुपारी मोकळं व्हावं लागतं. कुणी हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर राहते. नवीन लग्न झालेल्या मुलीचा पहिला ववसा असेल, तर तिला चतुर्थीपेक्षा गौरीपूजनाचा दिवस मोलाचा. पहिला ववसा गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच करतात, म्हणून काही मुली लग्नानंतर दोन-तीन वर्षं वाट बघतात. तो दिवस चुकला तर पुढच्या वर्षी येईलच असं नाही. हे तुम्हाला नुसत्या ‘पाच दिवस रजा मिळावी’ या अर्जातून कसं कळणार?

समजा तुम्ही आठ जणींना हे विचारलंत आणि उत्तरं अशी आली. दोघींचे दीड दिवसाचे गणपती, त्यांना चतुर्थी आणि दुसरा दिवस हवा. तिघींकडे गौरी-गणपती. त्यांतल्या दोघींना चतुर्थी आणि गौरीपूजन असे दोन-दोन दिवस हवेत. तिसरीचा पहिला ववसा आहे. तिला गौरीपूजन हवंच आहे, त्या बदल्यात चतुर्थी सोडायला ती तयार आहे. दोघी गावातच राहतात, पूजा दीर किंवा सासरे करतात. सकाळी स्थापना आणि आरती होऊन मोदकांचं जेवण झालं की त्या दुपारी दोनला येऊ शकतात. त्यांना सकाळ मोकळी पाहिजे, रजा नको. राहिली मुलाच्या शाळेची अडचण असलेली. चतुर्थीला तिच्या नवऱ्यालाही सुट्टी असते, तिला त्यापुढचे तीन दिवस हवेत.

मोजा आता. दीड दिवसवाल्यांचे चार, गौरीवाल्यांचे पाच, गावातल्या दोघींचे शून्य, शाळेची अडचण असलेलीचे तीन. अडतिसाचे बारा झाले. चतुर्थीला चार जणी घरी, जागाही चारच. कामावर आठ: दुपारी त्या गावातल्या दोघी, आणि उरलेल्या सहा जणींत दोघी सकाळी, दोघी रात्री, दोघी आदल्या नाइटवरून उतरलेल्या. गौरीपूजनाला तिघी घरी. चार्ट बसतो.

सगळी वर्षं इतकी नीट जुळणार नाहीत. दोन ववसे एकाच वर्षी येतील, एखादी बाळंतपणाच्या रजेवर असेल. पण अर्धा वाद मागण्या उलगडून बघितल्यावरच मिटतो, असा माझा अनुभव आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी वही लागते.

वही

वरच्या चार्टकडे पुन्हा बघा. बिगरहिंदू पाचही जणी चतुर्थीला कामावर आहेत किंवा नाइटवरून उतरलेल्या आहेत. म्हणजे दिसायला फारसं बदललं नाही. बदल हा करायचा की ते लिहून ठेवायचं आणि परत करायचं.

एक साधी शंभर पानी वही घ्या. वर्षातले जड दिवस कोणते ते बारा जणींनी मिळून ठरवायचं. त्यात चतुर्थी, गौरीपूजन, लक्ष्मीपूजन, भाऊबीज, होळी येईल. तशीच रमजान ईद, बकरी ईद, १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, ६ डिसेंबर, नाताळ येईल. ३१ डिसेंबरची रात्रही येईल, कारण त्या रात्री दारू पिऊन पडलेल्यांना टाके घालायला कुणालाच आवडत नाही. या दिवशी जी कामावर असेल तिच्या नावापुढे एक खूण, नाइट असेल तर दोन. तिचा तो सण आहे की नाही हे विचारायचं नाही. वही सिस्टर रूममध्ये, सगळ्यांना उघडता येईल अशी ठेवायची.

पुढच्या वर्षीचे दिवस निवडताना जिच्या खुणा जास्त, ती आधी निवडेल. पहिल्या फेरीत प्रत्येकीनं एकच दिवस घ्यायचा. बाराही जणींचा एकेक दिवस झाला की दुसरी फेरी, ती उलट्या क्रमानं. दोघींच्या खुणा सारख्या असतील तिथे तुमची चिठ्ठी टाका. एवढ्याचपुरती ती चांगली.

दोन गोष्टी या वहीबाहेर राहू द्या. घरातला मृत्यू किंवा गंभीर आजार यासाठी लागलेली रजा कुणाच्या खुणांत धरू नका. आणि सिस्टरांनी आपापसांत केलेली अदलाबदल चालेल, पण तुमची सही झाल्यावरच. सही करताना दोन गोष्टी तपासा: एकीला सलग किती नाइट होतात, आणि त्या पाळीत निदान एक जुनीजाणती सिस्टर आहे का. नव्या मुलीला ‘माझी चतुर्थी घे ना गं’ म्हटलं तर ती नाही म्हणू शकत नाही. एकाच नव्या मुलीच्या नावावर दोन-तीन अदलाबदली दिसल्या, तर तिला बाजूला घेऊन विचारा.

आणि ताई, वहीत तेरावं नाव तुमचं घाला. सासरच्या गौरी तुम्हाला चुकवता येत नाहीत हे मी समजू शकते. पण त्या दोन दिवसांसाठी तुम्ही कुठल्याही क्रमात उभ्या राहत नाही, हे बाराजणी दरवर्षी बघतात. लक्ष्मीपूजनाची किंवा नाताळची एक पाळी स्वतःकडे घ्या आणि ती वहीत लिहा. तुमच्या बाकीच्या नियमांना त्याशिवाय वजन येणार नाही.

डिसेंबरातली चिठ्ठी

निवड करायची वेळ डिसेंबर. प्रत्येकीला एक कोरी चिठ्ठी द्या आणि पुढच्या वर्षातले तिच्यासाठी महत्त्वाचे तीन दिवस, क्रमानं, लिहून मागा. कारण लिहायची सक्ती नको. आणि कुणी काय लिहावं याचा अंदाज आडनावावरून करू नका. एखाद्या हिंदू सिस्टरला गणपतीचं काही नसेल, ती मे महिन्यात मुलांना घेऊन आईकडे जाण्यासाठी दिवस राखेल.

ही चिठ्ठी का हवी, ते २०२७ च्या मार्चवरून सांगते. ६ तारखेला महाशिवरात्र आहे, देवगडची सिस्टर असेल तर कुणकेश्वरच्या जत्रेला जाईल. १० च्या आसपास रमजान ईद. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात. २१-२२ ला होळी, त्याच्या मागेपुढे गावोगाव पालख्या. २६ ला गुड फ्रायडे, २८ ला ईस्टर. आणि फेब्रुवारी-मार्च म्हटलं की बोर्डाच्या परीक्षा. तुमच्या वॉर्डातली प्रत्येक सिस्टर या एका महिन्यात काहीतरी मागू शकते.

तुमच्या बौद्ध सिस्टरांनी २० मार्चची रजा याआधी कधी मागितली होती का, ते आठवून बघा. नसेल मागितली, तरी त्यांना ती नको होती असं धरू नका. महाड त्यांना जवळ आहे आणि १९२७ साली ओंजळीत पाणी घेणाऱ्यांत कदाचित त्यांच्याच गावचे लोक होते. चिठ्ठीवर तो दिवस आला तर शिमग्याच्या बरोबरीनं धरा. त्या दोघींना एकाच दिवशी सोडायचं तर २० तारखेची एक जागा इतर कुणाची साप्ताहिक सुट्टी दुसऱ्या दिवशी हलवून काढावी लागेल. हे डिसेंबरात कळलं तर सहज जमतं, १८ मार्चला कळलं तर जमत नाही.

ईदसाठी वेगळी सोय लागते. रमजानच्या २९ व्या रोज्याला संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही दिसला तर आणखी एक रोजा आणि मग ईद. म्हणून दोन्ही मुस्लिम सिस्टरांना लागोपाठ दोन दिवस चार्टवर पेन्सिलीनं मोकळे ठेवा आणि दोन्ही दिवस त्यांच्या जागी कोण ते आधीच ठरवून त्या दोघींना सांगून ठेवा. चंद्राची बातमी आली की रात्री नऊपर्यंत तुमचा एक मेसेज जाईल आणि पेन्सिलीचं शाईत होईल. न लागलेल्या दिवशी त्या कामावर येतील. बकरी ईदला एवढी धावपळ नसते. ती जिल्हिजच्या दहाव्या दिवशी येते, महिन्याचा चंद्र दिसला की नऊ-दहा दिवस आधीच तारीख पक्की होते. ईद-ए-मिलादचंही तसंच. एक लक्षात ठेवा, हे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, त्यामुळे एखाद्या वर्षी ते गणपतीतच येतात. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली होती. मुंबईत ईदची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढायचं मुस्लिम समाजानं ठरवलं आणि सरकारनं २९ ची सुट्टी दिली. अशा वर्षी पाच जणींवर गणपती ढकलायचा जुना मार्ग तुम्हाला मिळणारच नाही.

पालखीसाठी पेन्सिलीचा एक ‘खुला दिवस’ द्या. ज्या सिस्टरनं चिठ्ठीवर शिमगा लिहिला आहे, तिनं मानकऱ्यांची बैठक झाली की तारीख तुम्हाला कळवायची, निदान आठवडाभर आधी. एकाच दिवशी तीन वाड्यांत पालखी आली तर पुन्हा वही उघडायची.

कायद्याचा आधार

डॉक्टरांना हे सगळं घोळाचं वाटेल. त्यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ दाखवा. तो तुमच्या हॉस्पिटलला लागू असेल तर प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. त्या आठांतल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार कोणत्या, हे मालक आणि कर्मचाऱ्यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायचं आहे. कुठल्या धर्माचे सण घ्यायचे असं कायदा सांगत नाही. बहुतेक हॉस्पिटलांत जानेवारीत ऑफिसमधून यादी टाइप होऊन येते आणि बोर्डावर लागते, त्यात कर्मचाऱ्यांशी बोलणं कुठेच झालेलं नसतं.

तुमची डिसेंबरची चिठ्ठी हेच बोलणं आहे. त्यातून हॉस्पिटलनं असं मान्य करावं की या चार सुट्ट्या सगळ्यांना एकाच चार दिवशी न देता प्रत्येकीनं आपल्या निवडाव्यात. केंद्र सरकारच्या कार्यालयांत ठरलेल्या सुट्ट्यांखेरीज यादीतून दोन वैकल्पिक सुट्ट्या आपापल्या निवडायची पद्धत आहेच. हॉस्पिटल चोवीस तास चालवायचं असल्यानं डॉक्टरांनाही हे सोयीचं आहे, सगळ्यांचे सण वेगवेगळ्या दिवशी विभागले जातात. ठरलं की लेखी करा, सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि कायद्याच्या तपशिलाबद्दल जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात एकदा विचारून घ्या.

बिघडतं कुठे

चतुर्थीच्या पहाटे फोन येईल, ‘ताप आलाय, येत नाही.’ तो ताप खरा की खोटा यात पडू नका. खरा ताप असलेल्या सिस्टरला खोटं ठरवलंत तर ती पुढे आजारी असतानाही पेशंटजवळ येईल. त्याऐवजी प्रत्येक जड दिवशी घरी असलेल्यांपैकी गावात राहणारी एक जण राखीव ठेवा. ती घरीच असते, पण फोन आला तर येते. बोलावलं तर दोन खुणा, नाही बोलावलं तरी एक. न आलेलीची त्या दिवसाची खूण लागत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी ती क्रमानं आपोआप मागे जाते. दरवर्षी त्याच दिवशी तीच आजारी पडते असं वहीतून दिसलं तर तिच्याशी एकटीशी बोला. बहुतेक वेळा घरी सासूचा दबाव असतो आणि रजा मागायची हिंमत नसते.

दुसरा धोका शांततेचा. डिसेंबरात एखादीनं कोरी चिठ्ठी परत दिली, तर तिला काही नको असेल असं समजून पुढे जाऊ नका. जाऊन विचारा. तुमची ख्रिश्चन सिस्टर एकटीच आहे. नाताळात कोकण किनारा पर्यटकांनी भरतो, अपघात वाढतात, समुद्रावरच्या केसेस येतात, आणि २५ डिसेंबरला सुट्टी मागणं तिलाच अवघड वाटत असेल. २४ च्या मध्यरात्रीच्या मिस्साला जायचं असेल तर तिला २४ ची नाइट नको असते, हे तिनं सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

मन न दुखावता हे होणार नाही, ताई. पाच दिवसांची सवय असलेल्या दोघी-तिघी नाराज होतील आणि ‘आमच्या सणाला आम्हालाच रजा नाही’ असं ऐकू येईल. त्यांच्याशी वाद घालू नका. वही उघडून त्यांच्यासमोर ठेवा आणि त्यांना स्वतःच मोजू द्या.

वही कोरी सुरू करू नका. कपाटातले मागच्या दोन-तीन वर्षांचे ड्युटी चार्ट काढा आणि चतुर्थी, लक्ष्मीपूजन, ईद, नाताळ या दिवशी कोण होतं ते प्रत्येकीच्या नावावर आधी भरा. हे तुम्ही एकट्या करू नका, यंदा गणपतीत तीन दिवस मागणाऱ्या त्या सिस्टरला आणि ‘आमचा हक्क पहिला’ म्हणणाऱ्या एकीला बरोबर घेऊन बसा. दुपारी वॉर्ड शांत असतो तेव्हा तासाभरात होईल. ते झालं की तीन दिवाळ्या नाइट केलेल्या सिस्टरला बोलवा आणि येत्या दिवाळीत लक्ष्मीपूजन हवं की भाऊबीज, ते सगळ्यांच्या आधी तिला विचारा.